पायरीवर बसायला या

लग्नाच्या शूटिंगमध्ये शेवट आधी काढून ठेवतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण शूटिंगकाकांनी उभा जन्म तेच केलं. कारण सरळ आहे. संध्याकाळपर्यंत नवरीचा मेकअप उतरलेला असतो, नवे बूट नवऱ्याला चावलेले असतात, आणि मुलीचे वडील जेवणवाल्याशी कोपऱ्यात जाऊन हमरीतुमरीवर आलेले असतात. अशा माणसांना कॅमेऱ्यापुढे उभं करून "आमच्या आनंदात सामील झालात, आभारी आहोत" म्हणायला लावलं, तर ते आभार धमकीसारखे ऐकू येतात. म्हणून काका सकाळी, सगळे चेहरे ताजे असतानाच, वरपक्ष-वधूपक्ष रांगेत उभा करायचे, हात हलवायला लावायचे आणि लग्न लागायच्या आत लग्नाचा निरोप उरकून टाकायचे.

त्या निरोपाच्या मागे एक शेपटी जोडलेली असायची. मावळता सूर्य, दोन पक्षी, गरगर फिरणारं एक लाल हृदय, वरून पडणाऱ्या पाकळ्या, आणि काकांच्याच आवाजात, पण नाकातून काढलेल्या, "आपलं प्रेम असंच राहू द्या." ही शेपटी त्यांनी तरुणपणी एकदा तयार केली आणि मग कशाच्याही मागे चिकटवली. शाळेचं संमेलन, दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन, फरशीच्या दुकानाची जाहिरात. एका सद्गृहस्थांच्या शोकसभेच्या शेवटीही त्यांच्या फोटोवर पाकळ्या पडल्या आणि हृदय फिरलं. सद्गृहस्थांच्या बायकोला ते फार आवडलं, हा भाग वेगळा. ती म्हणाली, जिवंतपणी यांनी कधी एवढं केलं नाही.

काका माणूस मोठा हौशी. पोट गोल, मिशी रंगवलेली, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्या खिशांत काय काय असतं हे काकूंनाही माहीत नव्हतं. एकदा धुवायला टाकताना त्यातून अर्धा सामोसा आणि कुणाच्या तरी लग्नातला चमचा निघाला होता. हल्ली लग्नं तरुण पोरं उडत्या कॅमेऱ्यांनी शूट करायला लागली होती, त्यामुळे काका घरी जास्त आणि घरातल्यांच्या पायात जास्त. काकूंच्या शब्दांत सांगायचं तर, "पूर्वी हे दुसऱ्यांच्या घरची कार्यं बिघडवायचे, आता आमच्या घरचा स्वयंपाक."

अशात एक दिवस काकूंची धाकटी बहीण आली. आल्या आल्या चप्पल न काढता खुर्चीत बसली, तेव्हाच काकूंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

ही काकांची मेहुणी म्हणजे गावच्या तरणतलावावरची पोहण्याची मास्तरीण. लहान मुलांना शिकवणारे बरेच असतात. ही मोठ्यांना शिकवायची, आणि तेही पोहणाऱ्या नव्हे, पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्यांना. दुपारची एक वेळ तिने भांडून मिळवली होती. त्या वेळात तलावाच्या उथळ टोकाला तिची सेना जमायची: दोन निवृत्त कारकून, एक डॉक्टरीण जिला रक्त चालायचं पण पाणी चालायचं नाही, आणि असेच कुणीकुणी. कुणी नाकाला चिमटा लावून उभं, कुणी कठडा दोन्ही हातांनी धरून, जणू कठडाच पळून जाणार आहे. मेहुणीचं सगळं आयुष्य त्या वेळेत होतं. लग्न तिने केलं नव्हतं; विचारलं तर म्हणायची, "रोज दुपारी एवढी माणसं माझ्या गळ्यात पडतात, अजून एक कशाला?"

"व्यवस्थापक म्हणतो, वेळ काढून घेणार," ती म्हणाली. "शर्यतीवाल्या क्लबाला देणार. माझ्याकडे सात माणसं उरलीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत पंधरा नावं झाली नाहीत, तर दुपार गेली."

"गेली म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे ताई, मी सकाळी लहान मुलांना शिट्ट्या मारायच्या आणि घरी यायचं. आणि ही माझी घाबरट माणसं परत कोरडी."

काकांनी खिशातून चष्मा काढला. "मेहुणीबाई, काळजी सोडा. एक व्हिडिओ करू. असा करू की लोक कपड्यांसकट उड्या मारतील."

"भावोजी, त्यात हृदय फिरणार नाही ना?"

"तुम्ही मला ओळखलंच नाही."

"ओळखलंय म्हणूनच विचारतेय."

व्हिडिओ टेलरमास्तरांवर करायचा ठरला. टेलरमास्तर हा नव्या भरतीतला सगळ्यात भित्रा आणि सगळ्यात गोड माणूस. देह असा की स्वतःचं माप घ्यायला त्याला दोन टेप लागायच्या, आणि हे तो स्वतःच सांगायचा. त्याची नात पाण्यात मासोळीसारखी खेळायची आणि हा आजोबा काठावर तिच्या चपला हातात धरून उभा राहायचा. एक दिवस नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चपलांचं स्टँड आहात का?" ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंपुढे येऊन उभा.

गोष्ट चांगली होती आणि काकांनी शूटिंगही चांगलं केलं, यात वाद नाही. इतकी वर्षं रडणाऱ्या आयांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा नेलेला माणूस तो. कुठे थांबायचं हे त्याच्या हाताला कळायचं. टेलरमास्तर पहिले दोन दिवस नुसते पायरीवर बसले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून. मग कमरेपर्यंत. मग हनुवटी. आणि आठवड्याच्या शेवटी मेहुणीने त्यांचे दोन्ही हात धरले, म्हणाली, "मी सोडणार नाही, तुम्ही सोडायचं तेव्हा सोडा," आणि टेलरमास्तरांनी डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं. बुडबुडे आले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की काका कॅमेऱ्यामागे स्वतःच श्वास धरून उभे होते.

पण शेवट? शेवट काकांनी सवयीप्रमाणे पहिल्याच दिवशी सकाळी काढून ठेवला होता. मेहुणीला बागेत उभं केलं, केस विंचरून, ओठ रंगवून, मागे फुलांचा ताटवा. आणि जे बोलायचं ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं. मेहुणीने ते एका दमात म्हटलं, पोलिसापुढे जबाब देतात तसं: "तर मित्रांनो, कसा वाटला आजचा व्हिडिओ? आवडला असेल तर लाइक करा, शेअर करा, चॅनेल सबस्क्राइब करा, घंटीचं बटण दाबा, आणि आजच आमच्या पोहण्याच्या वर्गात प्रवेश घ्या, त्वरा करा, जागा मर्यादित!"

"जागा मर्यादित कुठे आहेत?" ती म्हणाली होती. "जागाच जागा आहे. म्हणून तर रडतेय."

"असं म्हणायचं असतं."

व्हिडिओ लागला. तलावाच्या नावाचं एक चॅनेल होतं, तिथून तो गल्लीच्या, नातेवाइकांच्या आणि टेलरमास्तरांच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर पोचला. लोकांनी पाहिला, चांगला पाहिला. टेलरमास्तरांना रस्त्यात अडवून लोक विचारायला लागले, "आत गेल्यावर काय दिसतं हो?" मास्तर सांगायचे, "काही नाही. डोळे मिटले होते."

आणि प्रवेशासाठी? दोन फोन आले. एका बाईंना मुलाच्या लग्नाचं शूटिंग करून हवं होतं. दुसऱ्याने विचारलं, मास्तर पॅन्ट आल्टर करतात का.

"दोन गिऱ्हाइकं तर मिळाली," काका म्हणाले.

"मला नाही मिळाली," मेहुणी म्हणाली आणि फोन ठेवला.

काका चिडले. चिडून संगणकापुढे बसले. चॅनेलवाल्यांना आत एक आलेख दिसतो, व्हिडिओ किती लोक कुठपर्यंत बघतात त्याचा. सुरुवातीला रेषा थोडी उतरते, कारण काही लोक चुकून आलेले असतात. मग ती जवळजवळ सपाट चालते. मधेच टेलरमास्तरांचा पाय पायरीवरून निसटतो तिथे रेषा वर उडी मारते, म्हणजे लोकांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा पाहिला. माणसाचा पाय घसरलेला बघायला माणसाला किती आवडतं, हे सांगायला आलेखाची गरज नव्हती. मास्तर तोंड पाण्यात घालतात तिथपर्यंत रेषा भक्कम. आणि मग "तर मित्रांनो" या शब्दावर ती सरळ खाली. कडा तुटल्यासारखी.

काका म्हणाले, "इथे संगीत कमी पडलं."

काकू मागे उभ्या राहून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "संगीत नाही हो. 'तर मित्रांनो' म्हटल्यावर कळतं, आता संपलं. पाहुणे निघताना आपणही उठून उभे राहतो ना, तसं. मग कोण थांबतंय?"

"तू गेलीस?"

"मी तर 'तर' वरच गेले."

काकांना हे झोंबलं, कारण घरचीच बायको. पण हार मानतील ते काका कसले! त्यांनी नवा शेवट लिहिला. म्हणजे जुनाच, जरा जाड केलेला. व्हायोलिन घातलं. मास्तरांचं डोकं पाण्याबाहेर येतं ते इतकं सावकाश केलं, की ते देवमाशासारखे दिसायला लागले. आणि त्यावर नाकातून आवाज: "तुम्हीही तुमच्या भीतीवर मात करा. आजच नाव नोंदवा. जीवन एकदाच मिळतं." दोन दिवस हा शेवट लावून ठेवला. रेषा आता "तुम्हीही" वर तुटली. फरक एवढाच, की कडा दोन सेकंद उजवीकडे सरकली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मेहुणीला सुचवलं, की तिने कॅमेऱ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणावं.

"भावोजी, माझ्या डोळ्यांत दिवसभर क्लोरीनचं पाणी असतं," ती म्हणाली. "आणि मी रडून माणसं पाण्यात ओढायची? जी आधीच घाबरलेली आहेत? तुम्ही त्यांना 'त्वरा करा' म्हणता. त्वरा करा म्हटलं की ती कठडा जास्त घट्ट धरतात. माझं सगळं शिकवणं 'घाई नाही' एवढंच आहे, आणि शेवटी तुम्ही माझ्याच तोंडून 'त्वरा करा' म्हणवून घेतलंत."

काकांनी संगणकावरचं व्हायोलिन बंद केलं. असं त्यांच्या बाबतीत क्वचित व्हायचं.

"आणि माझे केस बघा," ती पुढे म्हणाली. ती भरात आली होती. "आत्ता अर्ध्या सेकंदापूर्वी मी पाण्यात मास्तरांचे हात धरून उभी आहे. दुसऱ्या क्षणी फुलांत, कोरडी, ओठ रंगवलेले. मधे काय मी लग्नाला जाऊन आले?"

काकू पदार्थात मीठ बघावं तसं सावकाश म्हणाल्या, "तेच. ती बाई मला खोटी वाटली. माझी सख्खी बहीण, आणि खोटी वाटली."

त्या रविवारी दुपारी काका जेवले नाहीत. म्हणजे दोनदा वाढून घेतलं नाही. संगणकापुढे बसून त्यांनी शेवट कापून टाकला, सगळाच. हृदय, पाकळ्या, बाग, व्हायोलिन. मास्तर पाण्याबाहेर येतात, डोळे उघडतात, आणि पडदा काळा. काकांनी ते चार-पाच वेळा बघितलं. नुसतं काळं बघून त्यांना कसंसंच झालं, जेवणानंतर बडीशेप न मिळाल्यासारखं.

"ये जरा इकडे," त्यांनी काकूंना हाक मारली. "इथे तू थांबलीस, असं धर. तुझ्या मनात काय आलं? खरं सांग."

काकू स्टुलावर बसल्या. घड्या घालायचं थांबलं. "खरं सांगू? माझ्या मनात आलं, मास्तरांना जमलं. मला नाही जमणार."

"का?"

"ते तोंड पाण्यात घालतात ना. बाप रे! तुम्ही तिथे माणसाला तोंड पाण्यात घालताना दाखवता आणि लगेच म्हणता, या, तुम्हीही या. म्हणजे मी आले की तिथूनच सुरुवात, असंच वाटतं ना? मी नाही आले तर मग."

"पण ते दोन दिवस नुसते पायरीवर बसले होते!"

"हो? मग ते कुठे दाखवलंत?"

काकांनी ते दाखवलंच नव्हतं. कापताना त्यांना ते कंटाळवाणं वाटलं होतं. एक जाडा माणूस पॅन्ट दुमडून पाय हलवतोय, काही घडतच नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये जिथे काही घडत नाही तो भाग फेकायचाच असतो, नाहीतर नवरीची आत्या तासभर शिरा खाताना दिसते.

त्यांनी तो भाग फेकलेल्यांतून परत काढला. दोघं मिळून बघू लागले. मास्तर पायरीवर. पाय पाण्यात. मेहुणी पाण्यात थोडी दूर उभी. मास्तर बराच वेळ पायांकडे बघत राहतात. मग मागे वळून कॅमेऱ्यामागच्या काकांना म्हणतात, "गार आहे. पण बरं वाटतंय. एवढंच करायचंय का आज?" मेहुणी म्हणते, "एवढंच." मास्तरांचे खांदे खाली येतात. इतके खाली, की शर्टाची शिवण सरकली.

काकू म्हणाल्या, "हे मला जमेल."

त्या उठून गेल्या आणि काका तिथेच बसून राहिले. आता त्यांना ते लख्ख दिसत होतं. शेवटी जे मागायचं, ते आधी दाखवलं पाहिजे. नुसतं दाखवून भागत नाही; बघणाऱ्याने ते मनातल्या मनात करून बघितलं पाहिजे. मग शेवटी मागणं म्हणजे मागणं राहत नाही, आमंत्रण होतं. आणि मागायचं एकच. लाइक, शेअर, घंटी, प्रवेश, त्वरा, जागा मर्यादित, हे सगळं एकदम मागणारा माणूस कुणाला आवडतो? दारात येऊन जो एक वाटी साखर मागतो त्याला देतो आपण. जो साखर, दूध, फ्रीज आणि मुलगी मागतो त्याला दार लावतो.

शेवट बदलण्यासाठी त्यांनी सुरुवात बदलली. पहिल्या मिनिटातच मास्तर पायरीवर, पाय पाण्यात, आणि "एवढंच?" "एवढंच." ते पूर्ण ठेवलं, कंटाळवाणं असलं तरी. मग चपलांचं स्टँड, कंबर, हनुवटी, तोंड, बुडबुडे. आणि शेवट मात्र नव्याने काढायचा होता.

मास्तरांना दुकानातून उचलून तलावावर वर्गाला आणलं. शूटिंग वर्ग संपल्या संपल्या करायचं ठरवलं, म्हणजे अंग खरंच ओलं असेल. आता काकांमधला लग्नवाला जागा झालाच. "मास्तर, बुडी पुन्हा एकदा मारा, जरा आनंदी बुडी."

"आनंदी बुडी कशी असते?"

"हसत आत जायचं."

"हसत गेलो तर पाणी नाकात जातं हो. मी टेलर आहे, हत्ती नाही."

मेहुणीने काकांकडे असं बघितलं की काकांनी तो विषय मिटवला. मास्तर आपणहून पहिल्या पायरीवर जाऊन बसले. केसांतून पाणी निथळतंय, श्वास अजून लागलेला, डोळे लाल. काकांनी पुठ्ठा वर धरला. त्यावर त्यांनी मोठ्या मेहनतीने लिहिलं होतं, "भीती वाटणं साहजिक आहे, पण पहिलं पाऊल टाका." मास्तरांनी ते वाचलं, मग पुठ्ठ्याकडे बघून हात हलवला, माशी हाकलतात तसा. "हे मी नाही म्हणणार. माझ्या तोंडात बसत नाही. मी काय म्हणू, तुम्ही सांगू नका. तुम्ही विचारा."

"बरं. पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी काय सांगितलं असतं, म्हणजे तुम्ही आणखी आधी आला असतात?"

मास्तर विचार करत राहिले. थेंब पडत राहिले. काकांचा हात कॅमेरा बंद करायला दोनदा उचलला गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो स्वतःच खाली घेतला. मग मास्तरांनी शेजारच्या फरशीवर ओल्या हाताने थोपटलं. लोक शेजारी बसायला बोलावताना थोपटतात, तसं.

"इथे येऊन बसा," ते म्हणाले. "पोहायला नको. पोहायचे कपडे नकोत. पाय सोडा पाण्यात. मी बसतो शेजारी." आणि थोडं थांबून, "मला एकट्याला बसावं लागलं होतं ना, म्हणून म्हणतो."

काकांनी तिथेच कापलं. आभार नाहीत, मित्रांनो नाहीत. पडद्यावर मास्तरांचा हात, शेजारची रिकामी फरशी, आणि खाली एकच ओळ: शनिवारी दुपारी, उथळ टोक, पहिली पायरी. मेहुणीने ते दोनदा बघितलं. काकांनी विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "भावोजी, नाक नाही वाजवलंत." यापलीकडे कौतुक तिने त्यांचं कधी केलं नव्हतं.

यावेळी आलेखाची रेषा शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली. जिथे मास्तर फरशी थोपटतात तिथे चक्क थोडी वर आली. लोक मागे जाऊन ते पुन्हा बघत होते. काकांनी ते काकूंना दाखवायला हाक मारली, पण काकू घरात नव्हत्या. हल्ली त्या दुपारी कुठेतरी जायच्या. विचारलं तर "पाय मोकळे करायला" म्हणायच्या.

शनिवार आला. व्यवस्थापक आधीपासूनच कपाळाला आठ्या घालून उभा. त्याचं म्हणणं, नुसते पाय भिजवायला तलाव नाही, त्यासाठी घरी बादल्या असतात. मेहुणीने नियम दाखवले: चपला बाहेर, पाय धुऊन यायचं. तिथे बसू नये असं कुठे लिहिलंय? व्यवस्थापकाने शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

मग माणसं यायला लागली. एक पोस्टातले बाबू, पँट इतक्या व्यवस्थित दुमडलेली की टेलरमास्तरांनी मान डोलावली. दोन मैत्रिणी, एकमेकींना "तू आधी" म्हणत. एक आजी, तिच्यामागे तिला आणणारी सून, आणि सुनेचेच पाय आधी पाण्यात. एक धिप्पाड गृहस्थ, जो गेटवर तीनदा आला आणि तीनदा परत गेला आणि चौथ्यांदा थेट येऊन मास्तरांना चिकटून बसला. पायरी भरली. दुसरी बाजू भरली. सगळे पाय पाण्यात, सगळे गप्प, मग हळूहळू गप्पा. मास्तर मधोमध, नव्या नवरदेवासारखे खूश.

काका काठावरून कॅमेरा फिरवत होते. एकेका पायावरून, एकेका चेहऱ्यावरून. आणि कॅमेरा सर्वांत टोकाच्या बाईवर आला तेव्हा त्यांनी डोळा काचेवरून काढला आणि उघड्या डोळ्यांनी बघितलं. ती काकू होती. घोट्यापर्यंत पाण्यात. पाण्याच्या नावाने इतकी वर्षं बाथरूमचा पाट सोडून पुढे न गेलेली बाई.

"तू?" ते जवळ जाऊन कुजबुजले. "मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सगळ्या जगाला विचारत होतात," काकू पायांकडेच बघत म्हणाल्या. "आणि हळू बोला. मी विसरलेय की मी पाण्यात आहे."

पण अजून गाडं पुढे जायचं होतं. व्यवस्थापक कागद घेऊन आला. नावं पंधरा हवीत, आणि तीही नुसत्या पाय सोडणाऱ्यांची नकोत. सोमवारच्या वर्गात येणार असतील त्यांचीच. कागदाच्या माथ्यावर छापलेलं होतं: पोहण्याचे प्रशिक्षण. कागद रांगेत पहिल्याकडे दिला. पोस्टातल्या बाबूंनी तो वाचला आणि शेजारी सरकवला. शेजारच्या बाईंनी तो जास्तच लवकर सरकवला. बघता बघता कागद बाजारातल्या नासक्या फळासारखा हातोहात फिरला आणि एकही सही न होता टोकाला आला. गप्पा थांबल्या. धिप्पाड गृहस्थांनी एक पाय पाण्याबाहेर काढला.

मेहुणीचा चेहरा पांढरा पडला. झालं, आता व्यवस्थापक 'त्वरा करा' म्हणणार, असं काकांना वाटलं.

काकूंनी कागद घेतला. जवळ चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून वाचला. मग व्यवस्थापकाला विचारलं, "सोमवारी काय करायचं असतं?"

"पोहायला शिकायचं."

"ते नाही. सोमवारी. पहिल्या दिवशी."

उत्तर मेहुणीने दिलं. "पाण्यात उभं राहायचं, ताई. गुडघ्यापर्यंत. कठडा धरून."

"मग तसं लिहा ना इथे," काकू म्हणाल्या. त्यांनी व्यवस्थापकाच्या खिशातलं पेन काढून घेतलं, आपलं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: गुडघ्यापर्यंत. "हे मला जमेल. यापुढचं सोमवारी बघू."

"असं लिहिता येत नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"कुठे लिहिलंय?" मेहुणी म्हणाली.

व्यवस्थापक कागदाकडे बघत राहिला, तेवढ्यात कागद त्याच्या हातून गेला. सून म्हणाली, मी गुडघ्यापर्यंत. आजी म्हणाली, सून जाईल तिथपर्यंत. दोघी मैत्रिणींनी आधी एकमेकींचं वाचलं आणि दोघींनी पोटरीपर्यंत लिहिलं. पोस्टातल्या बाबूंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, गुडघ्यापर्यंत, आणि कंसात, उजव्या. धिप्पाड गृहस्थांनी पाय परत पाण्यात घातला, इकडेतिकडे बघितलं, आणि छाती फुगवून कमरेपर्यंत लिहिलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे आदराने बघितलं. मास्तरांनी त्यांची पाठ थोपटली. गृहस्थांना घाम फुटला होता.

मेहुणीच्या जुन्या सातांत ही भर पडत गेली. व्यवस्थापक मोजत होता, ओठ हलवत. चौदावर थांबला. पुन्हा मोजलं. चौदाच.

"एक कमी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद होता हे कुणापासून लपलं नाही.

मेहुणीने रांगेकडे बघितलं. रांगेने मेहुणीकडे. काका कॅमेऱ्यामागे दडून होते, कॅमेरा त्यांच्या डोळ्याला असा चिकटलेला, जणू चेहऱ्याचाच भाग.

"मी शूटिंग करतोय," कुणी काही विचारायच्या आत ते म्हणाले.

काकूंनी पेन अजून परत केलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं, क्षणभर त्यांच्या रंगवलेल्या मिशीकडे आणि भरलेल्या खिशांकडे पाहिलं, आणि पुढे लिहिलं: घोट्यापर्यंत.